हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे : वड्यात घालू की फेकू?

गवतीचहा

उद्या संध्याकाळी घरी पंचवीस माणसं आहेत, मुलाचा तिसरा वाढदिवस. बटाटेवडे ठरलेत. मागच्या महिन्यात स्वस्त मिळाले म्हणून पाच किलो बटाटे घेतले होते. जाळीच्या पिशवीतच बाल्कनीत टांगून ठेवले आणि आम्ही तीन आठवडे गावाला गेलो. आज पिशवी उघडली तर ही अवस्था:

निम्म्यांना पांढरे, टोकाला जांभळट कोंब, काहींचे पार बोटभर. सात-आठ बटाटे एका बाजूने पोपटी हिरवे, ज्या बाजूला ऊन येतं नेमकी तीच बाजू. दोन-तीन सुरकुतलेले, दाबले तर मऊ.

सासूबाई म्हणतात, "कोंब मोड, हिरवं खरवड, उकड. आम्ही आयुष्यभर तेच केलं." नवरा म्हणतो, सगळे टाक, विषारी असतात. सासूबाईंचा दुसरा उपाय म्हणजे दोन दिवस पोत्याखाली अंधारात ठेवायचे, हिरवेपणा उतरतो म्हणे. पण माझ्याकडे दोन दिवस नाहीत. खरं काय ते कोणी सांगेल का?

झणझणीत

सासूबाईंचं ऐका. मटकीला मोड आले की आपण पौष्टिक म्हणून खातो आणि बटाट्याला आले की घाबरतो. विष असलं तरी उकळलं की मरतं. आमची आजी असलेच बटाटे खाऊन नव्वदीपार गेली.

नवऱ्याला वडे देऊ नका, आपोआप मत बदलेल.

रसशाळा

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते. झणझणीत, तुमचं मटकीचं उदाहरण इथे लागू होत नाही. मटकी मोडासकट खायची असते. बटाट्याचा कोंब म्हणजे नव्या झाडाचं कोवळं खोड. ते किड्यांनी, बुरशीने, जनावरांनी खाऊ नये म्हणून झाड तिथेच सगळ्यात जास्त विष साठवतं. साध्या बटाट्यात किलोमागे साधारण 20 ते 100 मिलिग्रॅम असतं, तेच कोंबात किलोमागे हजारांत जातं. त्यामुळे कोंब खाण्याचा प्रश्नच नाही.

या विषाला आपण सरसकट सोलानिन म्हणतो. खरं तर बटाट्यात दोघं जोडीने असतात, सोलानिन आणि चॅकोनिन, आणि त्यातलं चॅकोनिन जास्त जहाल. पण नाव सोलानिनचंच झालं, कारण ते आधी सापडलं. 1820 मध्ये. तेही बटाट्यात नव्हे, आपल्या बांधावरच्या कामोणीच्या फळांत.

आता हिरव्या रंगाचं. तो रंग विषाचा नाही. ते साधं हरितद्रव्य, पालकात असतं तेच, निरुपद्रवी. पण उजेड लागला की सालीजवळ दोन्ही गोष्टी वाढतात, हरितद्रव्यही आणि सोलानिनही. म्हणून हिरवा डाग म्हणजे "इथे बराच उजेड लागला आहे" अशी खूण. सासूबाईंच्या दुसऱ्या उपायात गोम इथेच आहे. अंधारात ठेवल्यावर रंग हळूहळू उतरू शकतो, पण एकदा तयार झालेलं सोलानिन परत जात नाही. खूण पुसली जाते आणि माल तोच राहतो. ते मात्र करू नका.

पठारकर

रसशाळाताईंशी सहमत. आमच्याकडे सातगाव पठारावर पावसाळी बटाटा असतो. लावणीनंतर सरीला मातीची भर लावतो, ती काही फक्त पीक उभं राहावं म्हणून नाही. भर उघडी पडली की वरचा बटाटा ऊन खातो आणि हिरवा होतो. व्यापारी असा माल लगेच बाजूला काढतो. त्यामुळे बाजारात येताना बटाटा बहुतेक चांगलाच असतो, हिरवा होतो तो दुकानातल्या दिव्याखाली आणि तुमच्या बाल्कनीत.

अजून एक. बेण्याचा बटाटा आम्ही मुद्दाम मंद उजेडात पसरतो, कोंब आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे यावेत म्हणून. अंधारात आलेला कोंब लांब, पांढरा आणि लेचापेचा, लावताना मोडतो. म्हणजे बेण्यासाठी जे चांगलं तेच खायला वाईट. बेण्याला बुरशीनाशकही लावलेलं असतं. लावणीनंतर उरलेलं बेणं भाजीत घालणारे लोक पाहिले आहेत, ते करू नये. गुरांनाही हिरवे बटाटे टाकत नाही आम्ही.

शिरीषफूल

माझ्या रताळ्यांनाही कोंब आलेत, तीही फेकायची का? एकादशीला आणली होती.

रसशाळा

@शिरीषफूल, रताळ्याला हा नियम नाही. ते वेगळ्याच कुळातलं, त्याचा कोवळा पालाही लोक भाजी करून खातात. सडलेलं किंवा बुरशी आलेलं नसेल तर कोंब मोडून खा. सोलानिनचा त्रास बटाटा, टोमॅटो, वांगं या घराण्याचा.

रात्रपाळी

माझा अनुभव सांगतो. वसतिगृहात असताना एका रात्री मेसमध्ये बटाट्याची सुकी भाजी होती, चवीला काही वाटलं नाही. तासाभरात आम्हा अकरा जणांना उलट्या सुरू. पहाटेपर्यंत सगळे ठीक. भांडारात डोकावलो तर कोंब आलेल्या बटाट्यांची पोती. तेव्हापासून कोंबवाला बटाटा दिसला की मी तिथून उठतो. सोलानिनच होतं ते.

रसशाळा

@रात्रपाळी, असूही शकेल, पण मला शंका आहे. सोलानिनचा त्रास कधी कधी लवकर सुरू होतो, पण बहुतेक वेळा काही तास जातात, आठ-दहा तासही. तासाभरात अकरा जणांना उलट्या आणि पहाटे सगळे ठणठणीत, हे शिजवून बराच वेळ बाहेर राहिलेल्या भाजीत जंतूंनी केलेल्या विषाशी जास्त जुळतं. भाजी सकाळची होती का? आणि कडू लागली नाही म्हणता, तोही मुद्दा आहे. किलोमागे साधारण 150 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की बटाटा कडवट लागायला लागतो. 200 च्या पुढे घशात जळजळ, खवखव. अर्थात मसाल्यात कडूपणा दबतो, म्हणून ठामपणे नाही म्हणत नाही.

रात्रपाळी

सकाळची होती का ते आता कोण सांगणार! पोती तर मी डोळ्यांनी पाहिली. असो, शंका मान्य, पण मी उठणारच.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. पण मला नेमकं सांगा, तीन वर्षांच्या मुलाला किती खाल्ल्यावर त्रास होईल? "थोडं चालतं" म्हणजे किती? इथे पाहुण्यांत सहा मुलं आहेत, सगळी पहिलीच्या आतली.

रसशाळा

हा प्रश्न योग्य आहे, कारण सगळं वजनावर आहे. शरीराच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम गेलं की पोट बिघडल्याच्या नोंदी आहेत. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने 2020 च्या अहवालात हाच आकडा धरला. किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम जीवघेणं ठरू शकतं.

आता हिशेब. समजा बटाट्यात किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे, म्हणजे साधारण मान्य मर्यादेच्या काठावर. 60 किलोच्या माणसाला 60 मिलिग्रॅम व्हायला असा 300 ग्रॅम बटाटा खावा लागेल, म्हणजे पाच-सहा वडे. तुमचा मुलगा 14 किलोचा असेल तर त्याला 70 ग्रॅम पुरेत, म्हणजे दीड वडा. मोठ्या माणसाला जिथे काही जाणवणार नाही तिथे मूल रात्री पोट धरून बसेल, ते यामुळे. त्यात मूल चटणीत बुडवून खातं, कडू लागतंय हे सांगतही नाही.

आणि कोंब. किलोमागे 3000 धरले तर 10 ग्रॅम कोंबांत 30 मिलिग्रॅम झाले. दहा ग्रॅम म्हणजे काही फार नाही, ओंजळीच्या तळाशी मावतील एवढे.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की हे विष बटाट्यात सगळीकडे सारखं नसतं. बहुतेक साल आणि तिच्या खालच्या दीड-दोन मिलिमीटरात, आणि डोळ्यांभोवती. आतल्या गरात अगदी कमी. म्हणून जाड साल काढली आणि डोळे सुरीच्या टोकाने खोल कोरून काढले की मोठा भाग जातो. सासूबाईंचं "खरवड" नुसतं खरवडणं असेल तर पुरत नाही.

झणझणीत

बरं, कोंब नको, मान्य. पण शिजवल्यावरही राहतं? कुकरमध्ये तीन शिट्ट्या आणि वर 180 अंशाच्या तेलात तळलं तरी? एवढ्यात तर लोखंड नरम होईल.

रसशाळा

लोखंडाला अजून बराच पल्ला आहे :) कुकरमध्ये फार तर 120 अंश होतं. सोलानिन मोडायला 200 च्या वर, तेही बराच वेळ लागतं. तेल 180 ला असलं तरी वड्याच्या आतला बटाटा 100 च्या वर जात नाही, कारण त्यात पाणी आहे. पाणी असेपर्यंत तो उकडतच असतो, तळला जातो तो फक्त बेसनाचा कोट.

उकडल्यावर थोडं पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी रश्श्याला वापरू नका, एवढाच काय तो फायदा. उलट सालींचे कुरकुरीत तळलेले काप करतात ना, त्यात पाणी उडून जातं आणि विष तेवढ्याच वजनात दाट होतं. हिरव्या सालीचे काप हा सगळ्यात वाईट पदार्थ.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीतून. इथे 2015 मध्ये एका कुटुंबाला असा त्रास झाला होता. त्यांनी खाल्लेल्या बटाट्याच्या पदार्थात किलोमागे 236 मिलिग्रॅम निघालं. त्यानंतर इथल्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने बटाट्यात 100 च्या वर असू नये असं सुचवलं. म्हणजे जगभर चालणारी 200 ची मर्यादा त्यांना सैल वाटते. रसशाळाताईंच्या हिशेबाने पाहिलं तर 236 वाला पदार्थ 300 ग्रॅम खाल्ला की मोठ्या माणसालाही 71 मिलिग्रॅम, म्हणजे गेलीच रेषा.

मी स्वतः हिरवा दिसला की अख्खा फेकते. दहा रुपयांचा बटाटा, दवाखान्याचं बिल कितीचं?

पठारकर

तिकडे बसून दहा रुपयांचा बटाटा म्हणणं सोपं आहे हो. आमच्याकडे भाव पडला की पोतंच्या पोतं घरात राहतं, कुणी अख्खं फेकत नाही. नखाएवढ्या हिरव्या डागासाठी अख्खा बटाटा टाकणं मला पटत नाही. तेवढा भाग दोन बोटं खोल कापून टाकायचा.

बाकी एक विचारायचं होतं. फवारणीची विषबाधा झाली की डॉक्टर रक्तात कोलिनेस्टरेज तपासतात. सोलानिनही तसंच काही करतं असं कुठेतरी वाचलं. खरं का?

रसशाळा

खरं आहे, आणि चांगलं पकडलंत. नसेतून स्नायूला निरोप जातो तेव्हा एक रसायन सुटतं आणि काम झालं की कोलिनेस्टरेज ते पुसून टाकतं. पुसणाराच अडवला तर निरोप वाजतच राहतो. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच करतात, सोलानिनही करतं, पण कितीतरी कमजोरपणे. बटाट्यात ते असतं तेही किड्यांसाठीच, त्यामुळे साम्य योगायोगाचं नाही.

पण बटाटा खाल्ल्यावर आधी जे होतं ते पोटात. आतड्याच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. ही दोन विषं त्याला चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. म्हणून मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब. जास्त मात्रेत गेलं तर पुढे डोकेदुखी, ग्लानी, गोंधळल्यासारखं होणं, अशक्तपणा. नसांवरचा परिणाम आणि आतड्यावरचा परिणाम यांचा माणसात किती-किती वाटा, यावर अजून एकमत नाही.

आणखी एक म्हणजे हे शरीरातून लगेच जात नाही. रक्तातलं सोलानिन निम्म्यावर यायला साधारण अकरा तास लागतात, चॅकोनिनला एकोणीस. म्हणजे आज रात्री खाल्लेलं उद्या सकाळी निम्मं-अर्धं आहेच आणि त्यात पुन्हा तोच रस्सा. एकदा खाऊन काही झालं नाही म्हणून तोच माल चार दिवस रेटू नका.

याचं गाजलेलं उदाहरण लंडनमधल्या एका शाळेचं, 1979 मध्ये छापून आलेलं. दुपारच्या जेवणानंतर काही तासांनी 78 मुलं आजारी पडली, 17 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. शोध घेतला तर सुट्टीआधी उरलेलं बटाट्याचं जुनं पोतं सुट्टीनंतर वापरलं होतं. मुलांच्या रक्तात कोलिनेस्टरेज घटलेलं आढळलं. सगळी बरी झाली. बटाटे सोललेले आणि उकडलेले होते, हे झणझणीत यांच्यासाठी.

झणझणीत

पोहोचलं. आजी कोंब कायम खोल कोरून काढायची, हे आता आठवतंय. मी फक्त "खायची" एवढंच लक्षात ठेवलं होतं.

शिरीषफूल

मग बटाटा फ्रीजमध्ये ठेवावा का? तिथे कोंब येत नाहीत.

रसशाळा

कोंब लांबतात खरं, अंधारही असतो. पण थंडीत बटाट्यातला स्टार्च साखरेत उतरतो. असा बटाटा तळला की लगेच काळपट-तपकिरी होतो आणि त्यात दुसरं एक नको ते द्रव्य, ॲक्रिलामाइड, जास्त तयार होतं. ब्रिटनच्या अन्न विभागाने 2023 मध्ये फ्रीजला हरकत नाही असं म्हटलं आहे. मी उकडायचे असतील तर ठेवते, वेफर्सला लागणारे ठेवत नाही.

पठारकर

टोपलीत, वर गोणपाट, ओट्याखाली. पारदर्शक पिशवी नको आणि बाल्कनी तर नकोच. आपटलेला, कुदळ लागलेला बटाटा आधी संपवायचा.

गवतीचहा

काल वडे झाले. काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर.

सगळे बटाटे पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळ उजेडात पसरले. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पोपटी रंग कळतच नव्हता, दिवसाउजेडी चार जास्त सापडले. ज्यांची अर्धी बाजू हिरवी होती ते सात आणि सुरकुतलेले तीन सरळ टाकले. एकाची साल नखाने काढून पाहिली तर हिरवा रंग गरात पार अर्धा सेंटीमीटर उतरला होता, वरून एवढा वाटला नव्हता. दोघांना नखाएवढा डाग होता, ते पठारकरांच्या सांगण्यानुसार कापून मोठ्यांच्या रश्श्यात घातले. कोंबवाल्यांतले जे टणक होते आणि कोंब अर्ध्या इंचाच्या आत होते तेवढेच ठेवले, डोळे कोरून, जाड सोलून मग उकडले. नेहमी आधी उकडून मग सोलते, या वेळी उलट. लांब कोंबांचे गेले. पाच किलोतले जेमतेम दोन किलो राहिले, बाकी कोपऱ्यावरून नवे आणले. मुलांचे वडे फक्त नव्या बटाट्यांचे, वेगळ्या पातेल्यात.

आता गंमत. मीठ-मसाला घालायच्या आधी प्रत्येक उकडलेल्या बटाट्याचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहिला. एक बटाटा स्पष्ट कडू लागला, मागून घशाला खवखव. थुंकला. तो अजिबात हिरवा नव्हता! कोंबही नव्हता. फक्त एका बाजूला जुना काळपट चिरलेला व्रण होता, तो मी मातीचा डाग समजून सोलून टाकला होता. असं कसं?

रसशाळा

व्रणामुळेच. जखम झाली की बटाटा तिथे सोलानिन वाढवतो, त्याला उजेड लागत नाही. आणि उजेड नाही म्हणजे हरितद्रव्य नाही, म्हणून रंगही नाही. हिरवा नाही म्हणजे सुरक्षित, असं मी म्हणत नाही ते यासाठीच. जातीचाही फरक असतो. अमेरिकेत 1967 मध्ये वेफर्ससाठी लेनापे नावाची सुंदर जात आली होती, तिच्यात मुळातच इतकं सोलानिन भरलं की 1970 मध्ये मागे घ्यावी लागली. दिसायला एकदम झकास होती.

चव बघून थुंकलंत ते बरोबर केलंत. मुलांना मात्र चाखायला लावू नका.

ऱ्हाइनकाठी

म्हणूनच म्हणते, अख्खा फेका.

पठारकर

मग व्रणवाला कुठे दिसणार होता तुम्हाला, तो तर हिरवा नव्हता :)

गवतीचहा

सासूबाईंनी टाकलेल्यांतले लांब कोंबांचे चार कुंडीत खोचलेत. पठारकर, बाल्कनीत खरंच काही येतं का यातून? आणि जे येतील ते खायचे की नाही?

पठारकर

मंचरला आत्ता माल भरतोय, रात्री सविस्तर लिहितो. तोवर कुंडी अर्धीच मातीने भरा, भर लावायला जागा ठेवा.